दोन एआय चित्रं आणि एक नेमका प्रश्न: घरमालकाला मेल कसा लिहावा

प्रश्न: मी पुण्यात दोन वर्षांपासून स्वतंत्रपणे इंटिरिअरची कामं घेते. आता रावेतमधल्या एका टू बीएचकेचा हॉल करायचा आहे. हॉल १० फूट ६ इंच बाय १७ फूट, डायनिंगही त्यातच. घरात नवरा-बायको, शाळकरी मुलगा आणि आजी. साईटच्या फोटोवरून एआयने दोन कन्सेप्ट तयार केलेत. एकात एल आकाराचा सोफा आहे, दुसऱ्यात बाल्कनीजवळ झोपाळा. डायनिंग दोन्हींत आहे. आधीच्या एका कामात अशीच दोन चित्रं मेल केली तर "दोन्ही छान आहेत, तुम्हीच ठरवा" असं उत्तर आलं, आणि काम झाल्यावर "चित्रात तर हॉल मोठा दिसत होता" म्हणून वाद झाला. या वेळी मेल कसा लिहू?

उत्तर:

मेलचा मजकूर मी खाली पूर्ण देतो. पण त्याआधी प्लॅनवर बसावं लागेल, कारण मेल कितीही नीट लिहिला तरी त्यातला प्रश्न चुकीचा असेल तर उत्तरही तसंच येणार. दोन सुंदर चित्रं पाठवून "कोणतं आवडलं?" असं विचारलं की "दोन्ही छान" हेच प्रामाणिक उत्तर असतं. घरमालकाला चित्रांत निवडायचं नसतं. पुढची दहा-पंधरा वर्षं त्या खोलीत कसं राहायचं हे त्याला ठरवायचं असतं, आणि चित्र त्याबद्दल काही विचारत नाही.

तुमच्या दोन कन्सेप्टमध्ये असं कोणतं ठरवणं दडलंय ते मापांवरून बघू. मी असं धरतो की मुख्य दार एका आखूड भिंतीत उजव्या बाजूला आहे, बाल्कनीचं सरकतं दार समोरच्या आखूड भिंतीत आहे आणि बिल्डरने टीव्हीचा पॉइंट उजव्या लांब भिंतीवर दिलाय. तुमच्याकडे वेगळं असेल तर आकडे बदलतील, पण रीत तीच राहील.

पहिला पर्याय. एल सोफ्याची लांब बाजू डाव्या भिंतीला ८ फूट ६ इंच, आणि तिथून हॉलच्या आडव्या दिशेने ५ फूट ६ इंचांचा दुसरा हात. तो डायनिंगकडे पाठ करतो, म्हणजे हॉलचे आपोआप दोन भाग होतात. समोरचं टीव्ही युनिट १ फूट ३ इंच खोल धरलं, तर त्या हाताचं टोक आणि युनिट यांच्यामध्ये ३ फूट ९ इंच वाट उरते. एवढी पुरते. सोफ्याची खोली ३ फूट, म्हणून पुढची कड ते युनिट ६ फूट ३ इंच. त्यात २ फुटांचं सेंटर टेबल सोफ्यापासून दीड फुटावर ठेवलं तरी पलीकडे पावणेतीन फूट मोकळे राहतात. पडद्यासाठी बाल्कनीकडे १ फूट सोडला की सोफ्याचा भाग ९ फूट ६ इंचांत संपतो आणि डायनिंगला ७ फूट ६ इंच मिळतात. टेबल ४ फूट बाय अडीच फूट. त्याची आखूड बाजू भिंतीला लावली आणि दोन्ही अंगांना खुर्ची मागे सरकवायला अडीच-अडीच फूट धरले, की अडीच, अडीच आणि अडीच मिळून बरोबर साडेसात होतात. चौघं बसतात. एक इंचही शिल्लक नाही, त्यामुळे चपलांचं कपाट त्या बाजूला येऊ शकत नाही. ते दाराच्या बाजूलाच बसवावं लागेल.

आता दुसरा. ५ फूट बाय २ फुटांचा झोपाळा बाल्कनीच्या दाराला समांतर टांगला तर तो हॉलच्या लांबीच्या दिशेने झुलणार. अगदी हलका झोका धरला तरी पाटाच्या पुढे-मागे किमान दोन-दोन फूट मोकळे हवेत. म्हणजे ६ फूट गेले. उरले ११. तीन जणांचा सोफा ६ फूट ६ इंच. उरले साडेचार फूट, आणि त्यात डायनिंग. चार फुटांचं टेबल लांब बाजूने भिंतीला चिकटवलं तर समोर दोन खुर्च्या बसतात. टोकाला खुर्ची मागे घ्यायला जागाच नाही. म्हणजे दुसऱ्या पर्यायात चौघांचं डायनिंग होत नाही. होतं ते दोघांचं टेबल, किंवा भिंतीला घडी होऊन बसणारं.

एआयच्या चित्रात मात्र झोपाळा आहे, सोफा आहे आणि मागे ऐसपैस डायनिंगही आहे. तुमच्या घरमालकापुढे खरी निवड सोफा की झोपाळा अशी नाहीच. ती रोजचं एकत्र जेवणाचं टेबल की झोपाळा अशी आहे, आणि नेमकी तीच त्या दोन चित्रांत दिसत नाही. माझ्या मते आधीच्या कामातल्या वादाचं मूळही बहुधा अशाच ठिकाणी असावं. हॉल लहान दिसला ही तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा एखादी गोष्ट चित्रात मावली होती आणि खोलीत मावली नाही, असं झालेलं असतं.

हे का होतं ते समजून घ्या, म्हणजे पाठवण्याआधी चित्र तपासता येईल. साईटचा फोटो देऊन "मराठी घर, झोपाळा, डायनिंग" असं सांगितलं की ते साधन खोली मोजत नाही. सांगितलेल्या सगळ्या वस्तू पटतील अशा बसवायच्या म्हणून ते मागची भिंत मागे ढकलतं, खिडकी रुंद करतं, सोफा उथळ करतं. ओळखायची सोपी खूण म्हणजे फरशी. दोन बाय दोनच्या टाइल असतील तर तुमच्या हॉलच्या लांबीत साडेआठ आणि रुंदीत सव्वापाच टाइल यायला हव्यात. चित्रात मोजून बघा. लांबीत अकरा-बारा आल्या तर तो हॉल तुमच्या घरमालकाचा नाही. दुसरं माप म्हणजे दार. ते ७ फुटांचं असतं. त्याच्या शेजारी जे उभं आहे त्याची उंची त्यावरून लगेच कळते. बसायच्या उंचीकडेही बघा. एआयला बुटके, जमिनीला टेकलेले सोफे फार आवडतात. घरात आजी आहेत, त्यांना साधारण १७-१८ इंचांवर बैठक हवी, नाहीतर उठताना दर वेळी कुणाचा तरी हात धरावा लागतो.

मग जे गायब झालंय ते शोधा. पंखा, एसीचं युनिट, स्विचबोर्ड, खिडकीची ग्रिल, छताखाली उतरलेली बीम. या गोष्टी चित्रात बहुधा नसतात, आणि त्या नसल्यामुळेच चित्र इतकं मोकळं दिसतं. तुमच्या चित्रात झोपाळ्याच्या कड्या सरळ फॉल्स सीलिंगमधून निघाल्या असतील. प्रत्यक्षात जिप्समचं सीलिंग झोपाळ्याचा भार घेऊच शकत नाही. हुक वरच्या स्लॅबला किंवा बीमला लागतो, तो सीलिंग करण्याआधी बसवावा लागतो, आणि मग कडी ज्या जागी खाली येणार तिथे सीलिंगला भोक ठेवावं लागतं. दोन मोठी माणसं बसली तर दीडशे किलो सहज होतात, वर झोपाळ्याचं स्वतःचं वजन आणि झोक्याचा हिसका. हा निर्णय सुताराच्या अंदाजावर सोडू नका, स्ट्रक्चरल इंजिनीअरचं लेखी मत घ्या.

इथे बरंच काही इमारतीवर अवलंबून आहे. काही नव्या इमारतींत स्लॅबमध्ये ताण दिलेल्या केबल असतात. तिथे केबल कुठून गेल्यात हे माहीत नसताना ड्रिल मारणं धोक्याचं आहे, आणि बिल्डर परवानगी देईलच असं नाही. भिंतीही मायवानच्या, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेल्या काँक्रीटच्या असतील, तर वायरसाठी झिरी मारता येत नाही. म्हणून मी दोन्ही पर्यायांत टीव्ही बिल्डरच्याच पॉइंटवर ठेवला. झोपाळ्याला हुक लावता येतो की नाही याचं उत्तर मेल पाठवायच्या आधी मिळवा. जो पर्याय बांधता येणार नाही तो निवडायला ठेवणं घरमालकाच्या दृष्टीने फसवणूकच ठरते. आजींना झोपाळ्याची आशा लावून तीन आठवड्यांनी "होत नाही" म्हणायची वेळ कुणावर येऊ नये.

चित्रं पुन्हा करावी लागतील. त्याला फार वेळ लागत नाही. स्केचअपमध्ये हॉलची खरी पेटी काढा, सोफा, टेबल, झोपाळा खऱ्या मापाचे साधे राखाडी ठोकळे म्हणून ठेवा, दाराजवळ माणूस उभा राहून पाहतो त्या उंचीवरून एक दृश्य घ्या आणि ते दृश्य एआयला द्या. मूळ रेषा धरून ठेवण्याची सोय असलेलं साधन वापरा आणि किती बदल करू द्यायचा ती मात्रा कमी ठेवा. वाढवली की चित्र देखणं होतं आणि भिंती पुन्हा सरकायला लागतात. तयार चित्र त्या ठोकळ्यांच्या दृश्यावर ठेवून बघा. कडा जुळत नसतील तर टाकून द्या.

आणि एक गोष्ट मी आग्रहाने सांगेन. दोन्ही चित्रांत कॅमेऱ्याची जागा, दिवसाची वेळ, फरशी, पडदे, भिंतीचा रंग, लाकडाचा रंग अगदी सारखे ठेवा. एका चित्रात सकाळचं कोवळं ऊन आणि दुसऱ्यात संध्याकाळचे दिवे असतील तर माणसं ऊन निवडतात आणि आपण त्यांनी सोफा निवडला असं समजतो. फरक फक्त मांडणीत दिसला पाहिजे. रंग आत्ता विचारूच नका. लॅमिनेटचा रंग मोबाइलवर वेगळा दिसतो, लॅपटॉपवर वेगळा आणि त्या हॉलच्या उजेडात तिसराच. तो नंतर कॅटलॉग हातात घेऊन, त्याच भिंतीशी धरून ठरवायचा.

एवढं झालं की मेल. मी तो साधारण असा लिहीन:

विषय: हॉलची मांडणी – अ की आ? (उत्तर शनिवारपर्यंत हवं आहे)

नमस्कार सर, नमस्कार मॅडम,

हॉलच्या मांडणीचे दोन पर्याय सोबत पाठवत आहे. प्रत्येक पर्यायाचं एक चित्र आणि एक मापांसह प्लॅन आहे. कृपया आधी प्लॅन बघा, मग चित्र.

चित्रं एआयच्या मदतीने तयार केली आहेत. मांडणी आणि फर्निचरची मापं आपल्या हॉलप्रमाणे तपासली आहेत. पण चित्रातला दिवा, गालिचा, कुंड्या आणि खुर्च्यांची घडण ही फक्त कल्पना यावी म्हणून आहे. त्या वस्तू तशाच बाजारात मिळतील असं नाही. पंखा, एसी आणि स्विचबोर्ड चित्रात नाहीत, ते प्लॅनवर दाखवले आहेत. रंगही आत्ता ठरवायचे नाहीत.

दोन्ही पर्यायांत टीव्हीची जागा, फॉल्स सीलिंग, चपलांचं कपाट आणि देव्हारा सारखेच आहेत. फरक एकाच गोष्टीत आहे.

पर्याय अ: एल आकाराचा सोफा, त्यामागे चार खुर्च्यांचं डायनिंग टेबल. चौघं रोज एकत्र टेबलावर जेवू शकता. झोपाळा बसत नाही.

पर्याय आ: बाल्कनीसमोर पाच फुटांचा झोपाळा आणि तीन जणांचा सोफा. डायनिंग दोघांपुरतं, भिंतीला घडी होणारं. चौघं एकत्र बसायचं तर जेवण खाली किंवा दोन पंगतींत. झोपाळ्याच्या हुकबद्दल इंजिनीअरचं पत्र आणि सोसायटीची परवानगी सोबत जोडली आहे.

म्हणून माझा प्रश्न एवढाच आहे: रोजच्या वापरात तुम्हाला चौघांचं टेबल जास्त लागेल की झोपाळा?

खर्च: पर्याय आ ला पर्याय अ पेक्षा साधारण ३५,००० रुपये जास्त लागतील. त्यात झोपाळा, हुक, पंख्याची जागा बदलणं आणि घडीचं टेबल आलं. तपशील सोबतच्या कोटेशनमध्ये आहे.

सोफ्याचं कापड, टीव्ही युनिटची रचना हे एका पर्यायातलं दुसऱ्यात घेता येईल. एल सोफा आणि झोपाळा मात्र एकत्र येत नाहीत, कारण मग डायनिंगला जागाच उरत नाही.

माझं मत विचाराल तर, मॅडम म्हणाल्या होत्या की रात्रीचं जेवण सगळे टीव्हीसमोर सोफ्यावरच करतात आणि आजी सकाळचा बराच वेळ बाल्कनीपाशी बसतात. ते तसंच राहणार असेल तर मी पर्याय आ सुचवेन. मुलाचा अभ्यास डायनिंगवर व्हावा अशी इच्छा असेल तर अ.

कृपया प्लॅनची प्रिंट काढून आजींनाही दाखवा. शुक्रवारी संध्याकाळी मी साईटवर दोन्ही मांडण्या टेपने जमिनीवर आखून ठेवते. सगळ्यांना येता आलं तर फार बरं होईल.

शनिवारपर्यंत याच मेलला "अ" किंवा "आ" एवढं उत्तर दिलंत तरी चालेल. सोमवारी सीलिंगचं काम सुरू करायचं आहे आणि झोपाळ्याचा हुक त्याआधी लागतो. उत्तर यायला उशीर झाला तर सीलिंग थांबवू, बाकीचं काम चालू राहील.

मेल इथे संपतो. रक्कम उदाहरणापुरती आहे, तुमच्या कोटेशनमधून घ्या. आता यातल्या काही वाक्यांमागचं कारण सांगतो, म्हणजे तुमच्या भाषेत बदलताना नेमकं काय टिकवायचं ते कळेल.

"चित्रं एआयने केली आहेत" हे बरेच डिझायनर लिहीत नाहीत. त्यांना वाटतं घरमालक म्हणेल, मग तुमची फी कशाची. मला उलटा अनुभव आहे. माणसांना एआयचा राग येत नाही. चित्रातली खुर्ची मागितल्यावर "ती खुर्ची कुठेच नसते" हे काम अर्ध्यावर आल्यावर कळलं की राग येतो. आणि फी कशाची, याचं उत्तर त्याच परिच्छेदातल्या पुढच्या वाक्यात आहे: मापं तपासली आहेत. मात्र ते वाक्य खरं असेल तरच लिहा.

फर्निचरच्या बाबतीत आणखी एक नेहमीचा घोळ इथेच टाळता येतो. चित्रात टीव्हीमागची लाकडी भिंत जमिनीपासून सीलिंगपर्यंत सलग दिसते. लॅमिनेट आणि विनिअर बहुधा ८ बाय ४ च्या शीटमध्ये मिळतं. भिंत ९ फुटांची असेल तर कुठेतरी जोड येणारच. तो जोड कुठे येईल ते प्लॅनसोबतच्या भिंतीच्या ड्रॉइंगवर आधीच दाखवा. नंतर तो "फिनिशिंग खराब" म्हणून तुमच्या सुताराच्या माथी येतो.

दोन्हींत काय सारखं आहे हे सांगणारी ओळ लहान आहे, पण तिचा फार उपयोग होतो. ती नसेल तर घरमालक दोन चित्रांमधले बारीकसारीक फरक शोधत बसतो. एकात कुंडी डावीकडे आहे, दुसऱ्यात फ्रेम मोठी आहे. मग उत्तरात "अ मधली फ्रेम आवडली" येतं आणि तुम्हाला त्याचं काय करायचं ते कळत नाही.

खर्चाचा आकडा त्याच मेलमध्ये हवा. आधी मनात झोपाळा बसू द्यायचा आणि नंतर रक्कम सांगायची, ही पद्धत मला पटत नाही. फरक पस्तीस हजारांचा असो की पाच हजारांचा, निवड करताना तो समोर असला पाहिजे.

स्वतःचं मत द्यावं की नाही यावर डिझायनरांत दुमत आहे. मी देतो, पण शेवटी देतो आणि घरच्यांनीच सांगितलेल्या सवयींवर आधारून देतो. "मला आ जास्त एलिगंट वाटतो" असं मत घरमालकाच्या कामाचं नाही. "तुम्ही सोफ्यावर जेवता म्हणून आ" हे त्याला तपासून पाहता येतं, खोडूनही काढता येतं. यासाठी पहिल्या भेटीत त्या घरच्या सवयी विचारून लिहून ठेवलेल्या असायला हव्यात. कोण कुठे जेवतं, कोण कुठे झोपतं, पाहुणे मुक्कामाला येतात का, मुलगा अभ्यास कुठे करतो. ते टिपण नसेल तर मत देऊ नका. आधी फोन करून विचारा.

तारखेमागचं कारण लिहा. नुसतं "लवकर कळवा" लिहिलं की मेल मागे पडतो. सीलिंगआधी हुक लागतो हे कळलं की शनिवारला अर्थ येतो. पण "उत्तर आलं नाही तर अ धरून पुढे जाऊ" असं कधी लिहू नका. कापडाच्या रंगाबाबत ते एक वेळ चालेल. स्लॅबला हुक लावण्याबाबत गप्प राहणं म्हणजे होकार असं धरता येत नाही.

टेपने आखणी मात्र टाळू नका. रंगकामाची मास्किंग टेप फरशीवर चिकटवून सोफा, टेबल, झोपाळ्याची पुढे-मागे जाण्याची हद्द खऱ्या मापाने आखा. झोपाळ्याच्या जागी पाच फुटांची फळी दोन स्टुलांवर ठेवा, त्यावर आजींना बसवा आणि मुलाला बाल्कनीकडे जायला सांगा. वाट पुरते का हे त्याच क्षणी कळतं. चित्राबद्दल माणसं जेवढं बोलतात त्याच्या कितीतरी पट जास्त ती या टेपच्या रेषांमध्ये उभी राहून बोलतात. अनेकदा निर्णय तिथेच होतो आणि मेल फक्त त्याची नोंद राहतो.

मेल की व्हॉट्सअ‍ॅप, हेही विचारात घ्या. फोनवर बहुतेक जण व्हॉट्सअ‍ॅपच बघतात, म्हणून "मेल केलाय, प्लॅन उघडून बघा" एवढं तिथे जरूर टाका. पण चित्रं आणि निर्णय मेलवरच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर चित्राचा दर्जा घटतो, प्लॅनमधली मापं वाचता येत नाहीत, आणि "ओके, झोपाळा फायनल" हा मेसेज गुड मॉर्निंगच्या खाली गाडला जातो. आणि एक काळजी: साईटचे फोटो कोणत्याही ऑनलाइन साधनात टाकण्याआधी घरमालकाची परवानगी घ्या. दारावरची पाटी, भिंतीवरचे कौटुंबिक फोटो त्यात येऊ देऊ नका.

आता उत्तरं. एवढं करूनही "दोन्ही छान, तुम्हीच ठरवा" आलं तर ठरवू नका. फोन करून मेलमधला तो एकच प्रश्न तोंडी विचारा: चौघांचं टेबल की झोपाळा? बहुतेकदा लगेच उत्तर मिळतं, कारण त्यांनी मेल पूर्ण वाचलेलाच नसतो, फक्त चित्रं बघितलेली असतात. नवरा एक म्हणतो आणि बायको दुसरं, असंही होतं. त्यात तुम्ही बाजू घेऊ नका. दोघांना टेपच्या आखणीवर एकत्र उभं करा आणि रोजचं रात्रीचं जेवण तिथे कसं होईल ते त्यांना बोलू द्या. आजींचं मत कुणी सांगत नसेल तर त्यांना स्वतः विचारा. बाल्कनीपाशी दिवसभर त्याच बसणार आहेत.

"झोपाळा हवाच आणि चौघांचं टेबलही हवं" असं आलं, आणि ते येण्याची शक्यता बरीच आहे, तर नाही म्हणण्याआधी एक तिसरी मांडणी प्लॅनवर तपासा. तीन जणांच्या सोफ्याऐवजी दोन जणांचा ४ फूट ६ इंचांचा सोफा घेतला तर ११ फुटांतून साडेसहा उरतात. भिंतीला चिकटलेलं चार फुटांचं टेबल, समोर दोन खुर्च्या आणि एका टोकाला तिसरी, त्यासाठी ४ अधिक अडीच, बरोबर साडेसहा लागतात. तिघं बसतात, चौथा नाही. पाहुणे आले तर कुणीतरी झोपाळ्यावर आणि कुणीतरी खाली. काही घरांना हे चालतं, काहींना अजिबात नाही. याचं नवं चित्र करत बसू नका, प्लॅनवर मापं टाकून पाठवा आणि टेपची आखणी तेवढी बदला.

निवड झाली की त्याच मेलच्या उत्तरात मापांसह अंतिम प्लॅन जोडा आणि लिहा की काम या ड्रॉइंगप्रमाणे होईल, चित्राप्रमाणे नाही. त्यावर दोघांची सही किंवा मेलवर होकार घ्या, आणि सुतार, वायरमन, पीओपीवाला या तिघांच्या हाती फक्त तो प्लॅन द्या. एआयचं चित्र साईटवर भिंतीला चिकटवू नका. सुतार प्लॅन वाचण्यापेक्षा चित्र बघून काम करायला लागतो, आणि मग ज्या बुटक्या सोफ्यापासून आजींना वाचवलं तोच बनून येतो.